कॉमाकाकांची टकटक

आमच्या छापखान्यात इंग्रजी अहवाल तपासणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही कॉमाकाका म्हणायचो. पूर्वी शेजारच्या खुर्चीत बसून काकू मूळ प्रत मोठ्याने वाचायच्या आणि स्वल्पविराम आला की टेबलावर बोटाने टक करायच्या. काकू गेल्यावर काका स्वतःच वाचायचे, स्वतःच टक करायचे. वाक्याच्या सुरुवातीला प्रस्तावनेचे चार शब्द आले, की त्यांच्यानंतर एक टक. वाक्याच्या मध्येच ‘हाउएव्हर’ किंवा ‘देअरफोर’ घुसला, की दोन्ही बाजूंना. प्रत्येक जागी पेन्सिलची खूण. मी घाई केली, की खेकसायचे, “तुझं काय जातंय बोलायला!”

एका दुपारी त्यांच्या परदेशातल्या मुलाचं पत्र आलं, तेही इंग्रजीत. काकांनी सवयीने ओळीखाली पट्टी धरली आणि वाचू लागले, “इन डिसेंबर,” टक, “हाउएव्हर,” टक, “वुई कॅनॉट कम.”

डिसेंबरात मात्र येणं जमणार नव्हतं.

दोन्ही स्वल्पविरामांवर त्यांनी खूण केली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“सगळं बरोबर आहे रे,” रिकाम्या खुर्चीकडे बघत ते म्हणाले. “पोराने दुरुस्तीला जागाच ठेवली नाही.”