पाच पॉइंट चार की चोपन्न

मोलताईंना रसायनशास्त्र कुणी शिकवलं असं कुणी विचारलं की आमचे विभागप्रमुख छाती पुढे काढतात. काढू देत बापडे. त्यांनी काही शिकवलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. मोलताई अठरा वर्षं आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई आहेत. काचेची भांडी धुता धुता, पाठमोऱ्या उभ्या राहून, कानांनी शिकल्या. फळ्यावर मी काही चुकले की मागे नळ बंद व्हायचा. नळ बंद झाला की मी समजायचे, वरच्या ओळीत काहीतरी घोळ आहे.

हे नाव त्यांनी स्वतःच पाडून घेतलं. "बाई, आधी मी घरोघरी मोलकरीण होते," त्या एकदा मला म्हणाल्या, "आता इथे बसून रसायनांचे मोल करते. बढती म्हणायची का ही?" खऱ्या बढतीचा मात्र पत्ता नव्हता. प्रयोगशाळा सहायकाचं पद चार वर्षं रिकामं होतं आणि त्या सहायकाचं सगळं काम, म्हणजे रसायनं मोजून देणं, द्रावणं करणं, मुलांच्या हातून फुटलेल्याचा हिशेब ठेवणं, सगळं मोलताईच करत होत्या. पगार शिपायाचा.

अखेर कॉलेजला जाग आली आणि अंतर्गत परीक्षा जाहीर झाली. पद एक. अट अशी की पंचेचाळीस ओलांडली की बसता येणार नाही. मोलताईंना त्रेचाळीस पूर्ण झाली होती. दुसरी अट अशी की किमान तीन उमेदवार हवेत. आता तिसरा काय, दुसरा उमेदवारही कॉलेजात नव्हता. मग आमच्या हेडक्लार्कनी माळीबुवांना आणि वॉचमनला धरून आणून अर्ज भरायला लावले. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल केली, कारण नाहीतर तिघं होत नव्हते. मोलताईंसाठी मात्र ती पुढेमागेही शिथिल होणार नव्हती, कारण त्या खरोखरच्या उमेदवार होत्या. मी यावर भांडले. हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, नियमाला भावना नसतात." डोकंही नसतं हे त्यांनी सांगितलं नाही.

पेपर विभागप्रमुखांनी काढला. परीक्षा संपली की प्रश्नपत्रिका गोळा करून त्याच दिवशी यंत्रात घालून त्यांचा भुगा करायचा असा नियम आहे. भुगा करण्याआधी प्रमुखांना आठवलं की उत्तरसूची अजून लिहायची आहे, म्हणून त्यांनी एका प्रतीचा आपल्या फोनवर फोटो काढला. त्या फोटोवरून त्यांनी उत्तरसूची लिहिली, तीही चष्मा घरी विसरून. मी त्या सूचीप्रमाणे पेपर तपासले. इथे माझीही चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. सूचीत एक आकडा होता, उत्तरपत्रिकेत दुसरा होता, मी लाल रेघ मारली आणि पान उलटलं. डोकं लावायला बंदी नव्हती.

मोलताईंना तेहतीस गुण पडले. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागतात.

त्या माझ्याकडे आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "बाई, रडायला नाही आले. मला नुसतं दाखवा, कुठे चुकलं." मी उत्तरपत्रिका उघडली. रसायनाच्या भागात दोनच गुणांची काटछाट होती, पाच गुणांच्या एका प्रश्नात; बाकीचे गुण इंग्रजीत गेले होते. अॅल्युमिनियम आणि क्लोरीन दिलेले, कोण आधी संपेल, काय किती तयार होईल आणि काय किती उरेल ते काढा. त्यांनी वहीत दूधवाल्याचं मांडावं तसं ओळीखाली ओळ मांडलं होतं:

2Al + 3Cl₂ → 2AlCl₃
अॅल्युमिनियमचे मोल = ५.४ ÷ २७ = ०.२
क्लोरीनचे मोल = १४.२ ÷ ७१ = ०.२
०.२ मोल अॅल्युमिनियमला क्लोरीन लागतो = ०.२ × ३/२ = ०.३ मोल
आहे ०.२. पुरत नाही. म्हणजे क्लोरीन आधी संपणार.
तयार होणारं अॅल्युमिनियम क्लोराइड = ०.२ × २/३ = ०.१३३३ मोल
०.१३३३ × १३३.५ = १७.८ ग्रॅम
वापरलेलं अॅल्युमिनियम = ०.१३३३ × २७ = ३.६ ग्रॅम
उरलेलं = ५.४ − ३.६ = १.८ ग्रॅम
ताळा : ५.४ + १४.२ = १९.६, आणि १७.८ + १.८ = १९.६

कुठे काही चुकलेलं नव्हतं. सूचीत शेवटचं उत्तर होतं ५०.४ ग्रॅम. म्हणजे प्रमुखांनी अॅल्युमिनियम चोपन्न ग्रॅम वाचलं होतं. गंमत अशी की चोपन्न घेतलं तरी क्लोरीनच आधी संपतो आणि तयार होणारं क्लोराइड तेवढंच, १७.८. अॅल्युमिनियम डोंगराएवढं घ्या, क्लोरीन वाढत नाही. बदलतं ते फक्त उरलेलं. चोपन्नातून ३.६ गेले, ५०.४ उरले. ताळाही जुळतो. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी चोख, आणि सगळा निकाल एका ठिपक्यावर.

मी तडक समितीची बैठक लावायला लावली. समितीत प्रमुख, हेडक्लार्क आणि मी. बाहेर बाकावर तिन्ही उमेदवार. फोटो पडद्यावर मोठा केला तर पाच आणि चार यांच्यामध्ये ठिपका दिसला, ताटाएवढा आणि कडा धूसर.

"हा पॉइंटच," मी म्हणाले.

"हा कॅमेऱ्यावरचा डाग," हेडक्लार्क म्हणाले.

"सर, पेपर तुम्ही काढलाय. तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

प्रमुखांनी ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं. "पाच पॉइंट चारही मी देऊ शकतो," ते म्हणाले, "आणि चोपन्नही देऊ शकतो. माझी दोन्हींची क्षमता आहे." मूळ फाईल उघडली तर फॉन्टचं काहीतरी होऊन सगळ्या पेपरभर चौकोनच चौकोन दिसत होते. साक्षीदार म्हणून माळीबुवांना आत बोलावलं. ते म्हणाले, "साहेब, मी पेपर पालथाच ठेवला होता. उगाच कशाला वाचायचा?" वॉचमन म्हणाला की त्याने फक्त दाराकडे लक्ष ठेवलं, सवयच आहे.

आता हेडक्लार्कना स्फुरण चढलं. ते पडद्यापाशी गेले आणि पट्टीने दाखवू लागले. तसे ठिपके फोटोभर होते. 'सर्व प्रश्न सोडवा' याचं एका ठिपक्याने 'सर्व प्रंश्न' झालं होतं. आणि अगदी वर, 'उत्तीर्ण होण्यास ३५ गुण आवश्यक' या ओळीत, तीन आणि पाचच्या बरोबर मध्ये एक होता, पॉइंटच्या अगदी जागेवर.

"एक ठिपका खरा आणि एक खोटा असं समितीला म्हणता येणार नाही," हेडक्लार्क म्हणाले. "मानायचे तर सगळे माना. मग उत्तीर्ण होण्यास साडेतीन गुण."

मी हसले. प्रमुख हसले नाहीत. ते वहीत लिहीत होते. माळीबुवांनी नुसत्या खुणा करायच्या प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या होत्या, त्यांना चार पडले होते. वॉचमनला सहा. साडेतीनच्या हिशेबाने तिघंही पास.

"झालं तर," मी म्हणाले, "पास करा तिघांना. पद मोलताईंना द्या."

"पास झालेल्यांत पद सेवाज्येष्ठतेने," हेडक्लार्क म्हणाले. "गुण बघायचे नसतात. माळीबुवांची सेवा सव्वीस वर्षं."

माळीबुवा घाबरले. "मला नको हो साहेब. मला त्या बाटल्यांची भीती वाटते."

"नकार दिला तर सेवापुस्तकात शेरा येईल," हेडक्लार्क म्हणाले. "तुम्हाला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, पेन्शन अडकेल."

माझं डोकं फिरलं. मी त्या माणसाला वेड्यांचा बाजार मांडलाय असं तोंडावर म्हणाले आणि अजूनही म्हणेन. प्रमुख म्हणाले, आवाज नको, मतदान घेऊ. ठिपका आहे म्हणणाऱ्यांनी हात वर करा. मी हात वर केला. नियम काय असायचा तो असू दे, बरोबर उत्तराला बरोबर म्हणायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्रमुखांचाही हात हळूहळू उठायला लागला.

"बाई, हात खाली घ्या," दारातून मोलताई म्हणाल्या.

त्या आत आल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

"बाटल्या वीस असल्या आणि बुचं बारा, तर बंद बाटल्या बाराच होतात," त्या म्हणाल्या. "इथे पास होणारे तीन आणि खुर्ची एक. खुर्ची आधी संपते. ठिपका मानलात तर माळीबुवा बसतात आणि मी पास होऊन उरते. ते निवृत्त होईतो माझी पंचेचाळिशी उलटते. मग मला परत बसता येत नाही."

"आणि नाही मानला तर?" प्रमुखांनी विचारलं.

"तर तिघंही नापास. खुर्ची रिकामी. पुढच्या वर्षी परत परीक्षा, तेव्हा मी चव्वेचाळीसची. डाग होता असं लिहा साहेब."

"पण तुमचं उत्तर बरोबर आहे, मोलताई," मी म्हणाले.

"ते मला माहीत आहे की. ताळा केलाय मी."

माळीबुवांनी त्यांच्यापुढे हात जोडले. ठराव मीच लिहिला, कारण समितीत अक्षर माझं बरं. 'प्रश्नपत्रिकेतील आकडा चोपन्न असल्याचे समितीचे मत असून उमेदवाराचे १.८ ग्रॅम हे उत्तर अयोग्य आहे.' वीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवते. बरोबर असलेल्या उत्तराला चूक म्हणून मी त्याच दिवशी पहिल्यांदा सही केली, आणि समोर उत्तर लिहिणारी बाई माझं पेन चालतंय ना ते बघत उभी होती.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं की घरी काय सांगणार. त्यांची मुलगी दहावीला आहे. निकाल काय लागला म्हणून ती सकाळपासून तीनदा फोन करून बसली होती.

"सांगेन, नापास झाले," त्या म्हणाल्या. "आणि वहीत मांडून दाखवेन. तिला गणित कळतं."