पाच लिटरमध्ये पंधरा लिटर पाणी

माझा स्वभाव तापट, आणि त्यात कऱ्हाडच्या कॉलेजात डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला होते. म्हणजे बघायलाच नको. घरात कुणी काही अंदाजानं बोललं की मी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढायची.

आप्पा रंगकाम करायचे. माण तालुक्यातनं मुंबईला गेले, वीस-बावीस वर्षं झुल्यावर बसून इमारती रंगवल्या आणि गुडघे बोलायला लागल्यावर माघारी आले. इथं घरोघरची कामं सुरू केली. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. शेजारच्या गावात नवं समाजमंदिर बांधून झालं होतं आणि त्याचं रंगकाम कुणाला द्यायचं, ते तिथले एक निवृत्त सुभेदार ठरवणार होते. ते काम मिळालं तर चार गावांत नाव होईल, मग मुंबईचं तोंड बघायला नको, असं आप्पा आईला रोज म्हणायचे. आधी माझ्या घराचं काम करून दाखवा, मग मंदिराचं बघू, असं सुभेदारांनी सांगितलं होतं.

मोजमापाला मीही गेले. कुणी बोलावलं नव्हतं. सुभेदारांच्या पोरीला आठ दिवसांनी पाहुणे बघायला येणार होते, म्हणून घाई होती. जुन्या भिंती गडद निळ्या. आप्पांनी खोल्यांतून एक चक्कर मारली, छताकडं बघितलं आणि म्हणाले, "तीस लिटर लागंल. वर दोन-चार धरा, निळा लय जिद्दी हाय."

मी म्हटलं, थांबा. टेप धरला. प्रत्येक खोलीच्या चार भिंतींच्या लांबीची बेरीज केली, उंचीनं गुणली, दारं-खिडक्या वजा केल्या. अठराशे चौरस फूट आले. छताला पांढरा रंग वेगळा येणार होता, तो यात नव्हता. दुकानातल्या पत्रकावर लिहिलं होतं की एका लिटरमध्ये दोन हात देऊन साठ चौरस फूट भिंत होते. अठराशे भागिले साठ, तीस लिटर. आप्पांचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला होता. तिथं गप्प बसले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण मला आणखी हुशारी सुचली. रंग कधी तसाच लावत नाहीत, लिटरला अर्धा लिटर पाणी घालतात. म्हणजे वीस लिटर रंगात दहा लिटर पाणी, झाले की तीस. मी सुभेदारांना कागद दाखवला आणि ठसक्यात म्हणाले, "वीसच लिटर आणा काका. रंगारी नेहमी जास्त सांगतात, उरलेला घरी नेतात."

बापासमोर म्हणाले मी हे. आप्पा टेप गुंडाळत बसले.

सुभेदार खूश. "पेंटर, पोरगी हुशार हाय तुमची. आता हिच्या हिशोबाच्या वर एक थेंब मागायचा न्हाई, काय?" आणि त्यांनी स्वतः कऱ्हाडला जाऊन मशीनवर फिकट बदामी शेड बनवून वीस लिटरची एक बादली आणली.

सुट्टी होती म्हणून मी आप्पांच्या हाताखाली गेले. घासणं, भेगांत पुट्टी भरणं, प्रायमर झाला. प्रायमरमधनं निळा अजून डोकावतच होता. मग रंगाचा पहिला हात दिला, आप्पांच्या नेहमीच्या मापानं, लिटरला अर्धा लिटर पाणी. शेवटची खोली संपल्यावर मी बादलीत बघितलं. तळाला पाचच लिटर रंग होता. एका हातात पंधरा लिटर गेला होता आणि दुसरा हात अख्खा बाकी होता.

मला वाटलं कुणी चोरला. खरंच, आधी तेच वाटलं. मग बादलीवरची बारीक अक्षरं वाचली. साठ चौरस फूट हे पाणी न घातलेल्या रंगाचं माप होतं. पाणी त्यात धरायचंच नव्हतं. मी आप्पांना दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, "पाणी भिंतीवर राहत न्हाई गं. ते नुसतं रंग पसरायला. वाळून जातंय. भिंतीवर राहतोय तो डब्यातलाच रंग."

"तुमाला म्हाईत होतं?"

"व्हय."

"मग तवाच का न्हाई बोललात?"

"त्यांच्यासमोर तुला खोटं पाडू व्हय?"

मी म्हटलं, आत्ता जाऊन सांगते, आणखी दहा लिटर आणायला लावते. त्यांनी माझा हात धरला. मग प्लास्टिकची बादली उचलली, नळाखाली भरली आणि त्या पाच लिटरमध्ये ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. पाच लिटर रंगात पंधरा लिटर पाणी. मी नुसती बघत राहिले. पाण्याचं माप घेताना कांडी धरून बघणारा, दोन कप जास्त झाले म्हणून हाताखालच्या माणसाला शिव्या देणारा माझा बाप हे करत होता. रोलर लावला की ओघळ उतरत होते. ते ओघळ पुसत पुसत त्यांनी सगळं घर संपवलं. मीही रोलर फिरवला. संध्याकाळच्या उजेडात खपून गेलं.

सकाळी ऊन आत आलं आणि सगळं उघडं पडलं. भिंतीवर ढगासारखे डाग, आणि खिडकीशेजारी निळा सरळ दिसत होता. सुभेदार हॉलच्या मधोमध उभे होते. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "माझी चूक झाली साहेब. मीच पाणी जास्त घातलं."

सुभेदार रागावले नाहीत. गाडी काढली, आणखी पंधरा लिटर आणला. आप्पांनी नीट एक हात दिला. पाहुणे आले, पोरगी पसंत पडली. महिन्याभरानं समाजमंदिराचं काम दुसऱ्याला गेलं.

मला झोपच येईना. शेवटी आप्पांना न सांगता सुभेदारांच्या घरी गेले आणि सगळं ओकले. हिशोब माझा होता, ते तीस लिटर म्हणत होते, शिक्षा त्यांना का?

"बाळ, हिशोब तुझा चुकला ते मला बादलीवरचं वाचलं तवाच कळलं," ते म्हणाले. "कागद माझ्याकडंच हाय. हिशोब कुणाचाबी चुकतोय. मी वाट बघत होतो, तुझा बाप येऊन रंग मागंल म्हणून. थेंबाचं मी गमतीनं बोललो होतो, लगेच आणून दिला असता. त्यानं पाणी घातलं. मंदिरावर असा माणूस कसा चढवू?"

मी बापाची बाजू मांडायला आले होते, आणि ते म्हणत होते त्यात खोट काढायला जागाच नव्हती. हिशोब माझा चुकला होता, तरी पाणी आप्पांनीच घातलं होतं, माझ्यासाठी. आणि हे मी घरी जाऊन त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते?

घरी आले तेव्हा आप्पा मुंबईच्या पिशवीत कपडे भरत होते. मी कुठं गेले होते ते त्यांना कळलं होतं.

"काय म्हनले सुभेदार?"

"काय न्हाई. त्यांच्या भाच्यालाच द्यायचं होतं म्हणे, आधीपासून."

ते शर्टाची घडी घालत म्हणाले, "तुझ्या हिशोबाबद्दल काय बोलले न्हाईत न्हवं?"

"न्हाई."

"बरं झालं मग," आप्पा म्हणाले, आणि पिशवीची चेन ओढली.