सिस्टरांना बोलतं करण्याचा महिना

सिस्टर आमच्याकडे राहायला आल्या त्या मे महिन्यात माझी आई तिच्या स्वतःच्या घरात मुकी झाली. हे माझ्यामुळे झालं, हे कळायलाही मला बरेच दिवस लागले.

मी तेव्हा वसईच्या शाळेत मराठी शिकवत होते. फादरनी सुट्टी लागताच बोलावलं आणि सांगितलं, केरळहून एक नर्स सिस्टर आल्या आहेत. कामणच्या वाटेवरच्या दवाखान्यात त्यांना नेमायचं आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंची एकच अट होती. महिन्याभराने सिस्टरांनी गावच्या बायांच्या दुखण्याखुपण्याची चौकशी एकटीने करून दाखवायची, मध्ये दुभाषी चालणार नाही. जमलं नाही, तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात परत. तिथे इंग्रजीवर भागतं.

"मी तिथे तीन वर्षं होते," सिस्टर मला पहिल्याच भेटीत इंग्रजीत म्हणाल्या. "पेशंट माझ्याशी नाही, माझ्या शेजारच्या आयाबाईशी बोलायचे. मला परत तिथे नाही जायचं." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका पडला, की मी जागच्या जागी त्यांना घरी ठेवून शिकवायला हो म्हटलं.

मग मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर महिन्याचा बेत आखला आणि स्वयंपाकघरात टांगला. बेत वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. सकाळी वाडीत बायांबरोबर गजऱ्यासाठीच्या कागड्याच्या कळ्या खुडायच्या, कारण हात कामात असले की तोंड मोकळं असतं. मग बाजारात जाऊन एकच प्रश्न निरनिराळ्या भाजीवालींना विचारायचा. दुपारी माझ्याबरोबर उजळणी. संध्याकाळी रोज नव्या घरी जायचं आणि तिथे आपली तीच एक गोष्ट सांगायची, म्हणजे सांगून सांगून ती जिभेवर बसेल. इंग्रजी कोणी बोलायचं नाही. आणि घरातल्यांनी आपली घरची बोली बाजूला ठेवून शुद्ध मराठीत बोलायचं. हा शेवटचा नियम लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आमच्या ख्रिस्ती घरांतली बोली पुस्तकी मराठीपासून इतकी लांब, की शाळेत मी तिच्यावरून पोरांचे कान पिळायचे. पण आईला दुसरी बोली होती कुठे? ती चर्चमधली मराठी आठवून आठवून बोलायला लागली. "सिस्टर, आपण मासळी स्वीकारावी," असं एकदा म्हणाली आणि दमून बसली. पुढे तिने फक्त ताटाकडे बोट दाखवायला सुरुवात केली.

वाडीत तर त्याहून पंचाईत. एरवी कळ्या खुडताना आमच्या बाया साऱ्या गावाची धुणी धुवायच्या. सिस्टरांचा पांढरा झगा दिसला, की सगळ्या गप्प. कोणीतरी त्यांना खुर्ची आणून द्यायचं. खुर्चीत बसवलेल्या माणसाशी कोण गप्पा मारणार? संध्याकाळच्या घरांतही तेच व्हायचं. सिस्टर गोष्ट सुरू करायच्या, घरचे माझ्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणतात सिस्टर?" आणि मी सांगायचे. दिवसभर बोलत होतं कोण, तर मी. माझा घसा बसला. सिस्टरांना अजून "भेंडी कशी दिली" याच्या पुढे काही येत नव्हतं. बेतात चूक कुठे आहे ते मला सापडेना. मी वेळा बदलल्या, घरं बदलली, आणि जास्तच गोंधळले.

अशातच एका दुपारी आई विहिरीवर शेजारणीला माझ्या वहिनीबद्दल सांगत होती, "हिला दिवस गेलेत." सिस्टरांनी ते ऐकलं. शब्द दोन्ही ओळखीचे होते, मीच शिकवले होते. जेवताना त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला आणि अतिशय मायेने, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "दुःख करू नका. गेलेले दिवस परत येतात."

वहिनीला ठसका लागला. आई आधी बघत राहिली, मग पदर तोंडात कोंबून हसली, आणि हसता हसता तिची ती शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली. आपल्या बोलीत, हातवारे करत, तिने सिस्टरांना समजावलं: दिवस जाणं म्हणजे काय, दिवस भरणं म्हणजे काय, आणि बाईचे दिवस भरले तर बाळ येतं पण दुसऱ्या कुणाचे भरले तर त्याची धडगत नसते, ते का. सिस्टर मध्ये मध्ये विचारत होत्या. चुकत होत्या, आई त्यांना दटावत होती. इतकं बोलणं त्या घरात कित्येक दिवसांत झालं नव्हतं. मग आईची नजर माझ्यावर गेली, लग्न न झालेल्या लेकीवर, आणि ती एकदम गप्प झाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही अर्धवट. ज्या बोलण्यासाठी सिस्टर आल्या होत्या ते माझ्या बेतात नव्हतंच, आणि मी समोर असेपर्यंत ते कोणी बोलणारही नव्हतं. मी कॅलेंडर उतरवलं नाही. फक्त त्यातून स्वतःला काढून टाकलं. खुर्ची माळ्यावर गेली, सिस्टर बायांबरोबर जमिनीवर बसू लागल्या. आईला म्हटलं, तुला हवं तसं बोल. उरलेले दिवस मी वाडीपलीकडच्या मावशीकडे काढले. लांबून वाडीतलं हसणं ऐकू यायचं आणि सिस्टर नक्की काय शिकताहेत या काळजीने मला अन्न गोड लागायचं नाही. मधूनमधून भेटल्या, की त्या आमच्या बोलीत काहीतरी बोलायच्या. मला वाटायचं, डॉक्टरीणबाईंसमोर हे असं बोलल्या तर?

ठरलेल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. अडलंच तर एखादा शब्द हळूच पुरवू, असा माझा चोरटा विचार होता. डॉक्टरीणबाई पडद्याआड बसल्या. मिठागरावरची एक तरुण बाई सासूला धरून आली. चेहरा उतरलेला, पोट दिसत होतं. ती कशीबशी म्हणाली, "सिस्टर, पानी जातंय."

मला फक्त पानी ऐकू आलं. मनातल्या मनात त्या न चा ण केला, धावत माठाकडे गेले आणि तिच्यापुढे पेला धरला.

तिने पेल्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सिस्टरांनी तिला बाकावर आडवं केलं. "कधीपासून? अंगावरून लाल पन जातं का?" त्यांनी विचारलं, अगदी तिच्याच न ने. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टीचर, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी बाहेर पडवीत आले. डॉक्टरीणबाईही पडदा सारून क्षणभर दारात आल्या. "फादरना सांगा, सिस्टर इथेच राहतील," एवढं म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. पेला अजून माझ्या हातातच होता. आत तिघी-चौघींचं भराभर बोलणं चाललं होतं, त्यात सिस्टरांचा आवाज सगळ्यात वर होता. मी दाराला कान लावून उभी राहिले, आणि बायकांच्या त्या बोलण्यातलं निम्मं मला कळेना.