नाथाजीचं आभारपत्र

लोणंदच्या बाजारपेठेत माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, जावळाची निमंत्रणं आणि आभारपत्रं यांवर माझं पोट चालतं. त्यातल्या आभारपत्रांचा मला मनापासून तिटकारा आहे. आभार मानायचे एकाला आणि दाखवायचे साऱ्या गावाला, असला हा प्रकार.

चौऱ्याहत्तर साली नाथाजी आला. साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून त्याची तात्पुरती नेमणूक झाली होती. सोयऱ्याधायऱ्यांना, पार सांगलीपर्यंत, छापील कार्डं धाडायची होती.

"मालक, फुशारकी वाटता कामा न्हाई," तो म्हणाला. "लोक म्हणत्यात, गडी लगेच चढला."

माझ्याकडे असल्या मजकुराचा साचा तयार असतो. मी खरडून दिलं: 'माझी कसलीही पात्रता नसताना, मा. आप्पासो यांनी टाकलेल्या शब्दामुळे मला ही नोकरी लाभली. त्यांचे व इतर सर्व हितचिंतकांचे आभार.' नाथाजी खूश झाला. नम्रतेची नम्रता, आणि सरपंच आप्पासोही खूश. वास्तविक आप्पासोंनी शब्द टाकलाच नव्हता. चहा पाजून "बघू" म्हणाले होते, एवढंच.

नोकरी कुणामुळे लागली ते मला ठाऊक होतं. माझ्याकडे छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारा अर्जुना बौद्धवाड्यातला. त्यानंच नाथाजीला सेवायोजन कार्यालयात नेऊन नाव नोंदवलं. नोंदणीचं कार्ड मुदतीत नवं केलं नाही तर जुना नंबर जातो, म्हणून दर वेळी दोघांची कार्डं घेऊन साताऱ्याला जाणारा तोच. टायपिंगच्या क्लासात शेजारी बसून त्यानं नाथाजीच्या चुका काढल्या. कचेरीच्या परीक्षेला दोघंही बसले. नाथाजी पहिला आला, अर्जुना दुसरा. जागा एकच होती, त्यामुळे अर्जुनाचं नाव प्रतीक्षा यादीवर राहिलं.

"अर्जुनाचं नाव घालूया का?" मी विचारलं.

"आप्पासोंच्या कार्डावर? बरं दिसत न्हाई ते," नाथाजी म्हणाला.

अर्जुना चार पावलांवर उभा होता. त्यानंच ते कार्ड जुळवलं. 'पात्रता नसताना' या ओळीपाशी थांबून एवढंच म्हणाला, "मालक, ही वळ ठेवायची व्हय?" मी म्हणालो, "गिऱ्हाइकाला हवी आहे." खरं तर ती माझीच होती.

दोन महिन्यांत आप्पासोंच्या विरोधी पार्टीतल्या हिंदुरावनं ते कार्ड कचेरीत धाडलं, सोबत तक्रार जोडून. वशिल्यानं भरती झाली, उमेदवार स्वतःच छापून सांगतोय. कचेरीनं नाथाजीकडे खुलासा मागितला आणि नेमणूक का रद्द करू नये, असं विचारलं.

नाथाजी आप्पासोंकडे धावला. 'मी शब्द टाकला नव्हता', एवढं लिहून द्या म्हणाला. आप्पासो कसले देतात? दोन महिने गावभर सत्कार घेतलेला माणूस. नाथाजी मग तोंड पाडून छापखान्यात आला.

नेमणूक रद्द झाली असती तर जागा अर्जुनाला मिळणार होती. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं. मी तसं त्याला बाजूला घेऊन सांगितलंसुद्धा.

"परीक्षा त्यानं खरी दिली हाय, मालक," अर्जुना म्हणाला.

त्यानं कागद घेतला आणि लिहिलं: मी यादीवरचा दुसरा उमेदवार. ही नेमणूक रद्द झाल्यास लाभ माझाच आहे. तरीही सांगतो, परीक्षेत नाथाजीचा वेग माझ्याहून जास्त होता व चुका कमी होत्या. कुणी शब्द टाकल्याचं मला माहीत नाही. खाली सही करून तो स्वतः साताऱ्याला जाऊन कागद देऊन आला. कचेरीनं परीक्षेचे कागद काढून पाहिले आणि नाथाजीला कायम ठेवलं. पुढं वर्षभरात यादीची मुदत संपली. अर्जुनाची जागाही तिच्याबरोबर गेली.

कचेरीच्या निकालानंतर आठवड्यानं नाथाजीचं पोस्टकार्ड आलं. या वेळी छापील नव्हतं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. अर्जुनानं ते वाचून माझ्यासमोर ठेवलं.

'तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही. मात्र तुझ्या कागदामुळं काम झालं हे गावात बोलू नकोस. आप्पासोंच्या कानावर गेलं तर त्यांना वाईट वाटेल. आता सत्यनारायण घालतोय, त्याला त्यांना बोलावलं आहे.'

उघडं कार्ड. पोस्टमननं वाटेत वाचून चार जणांना सांगितलंही होतं. नाथाजीसारख्याला लपवतासुद्धा धड येत नाही. मी मनात त्याला नाही नाही त्या शिव्या दिल्या.

अर्जुना खिळ्यांच्या पेटीकडे वळला. मग म्हणाला, "मालक, त्या दिवशी तुमी मला गप बस म्हणला हुता. मी चुकलो व्हय?"

हो म्हणावं तर मी कसला माणूस. नाही म्हणावं, तर त्याची नोकरी मी कुठून आणून देणार होतो? मी त्याला पुढच्या लग्नपत्रिकेचा मजकूर दिला.