मेलमधलं एक जादा वाक्य

वॉरंटीचे एकोणीस दिवस उरले होते आणि मुलीच्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड खेळ सुरू झाला की दगा देत होतं. ती संगणकावरचे खेळ तयार करायला शिकते. परीक्षेला तिचा स्वतःचा खेळ चालवून दाखवायचा होता. नवा लॅपटॉप घेणं आम्हाला शक्य नव्हतं.

कंपनीच्या सेवा केंद्राला मेल मी लिहिला. तीन दिवसांत सात वेळा खेळ लावून पाहिला होता. सातही वेळा आठव्या ते बाराव्या मिनिटाच्या दरम्यान पडद्यावर रंगीत चौकोन उमटले आणि पडदा काळा झाला. तापमान चौऱ्याहत्तर अंशांच्या वर गेलं नव्हतं. ड्रायव्हर पुसून नव्याने टाकला, तरी तेच. तोच खेळ प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर लावला, तर अडखळत का होईना तासभर चालला. म्हणजे दोष स्वतंत्र ग्राफिक्स कार्डातच. व्हिडिओ, विंडोजमधल्या त्रुटींच्या नोंदी आणि बिल जोडलं. आणि माहिती पूर्ण असावी म्हणून शेवटी लिहिलं : 'घर समुद्रापासून दीडशे पावलांवर असून खिडक्या उघड्या असतात.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. खाऱ्या हवेने गंज चढला असल्यास वॉरंटी लागू होणार नाही. तंत्रज्ञ घरी येऊन तपासेल.

"बाबा, समुद्राचा तुमका कोणी इचारलेला?" मुलगी म्हणाली. "माप काढून दिलास वर!"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

कुडाळहून तंत्रज्ञ आला. "काका, तुमच्या मेलापायी माका भिंग घेवन येवक लागला," असं म्हणत त्याने मागचं झाकण काढलं. पाणी लागलं की लाल होणारी पट्टी पांढरीच होती. बोर्ड स्वच्छ होता. बिजागरीच्या एका स्क्रूवर मात्र तांबूस डाग होता. त्याने त्याचाही फोटो काढला.

"ता वाक्य चुकान गेला, असा दुसरा मेल टाका," तो हळूच म्हणाला. "मगे मी रिपोर्ट धाडतंय."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"चुकान नाय गेला," मी म्हटलं. "डाग खंय आसा, ता नीट लिवा. आणि कार्डापासून किती लांब, ता पण लिवा."

त्याने मोजपट्टी मागितली. अकरा सेंटिमीटर भरलं.

पाच दिवस मी दर तासाला मेल बघत होतो. सहाव्या दिवशी मंजुरी आली. कार्ड बोर्डावरच जोडलेलं असल्याने अख्खा मदरबोर्ड बदलायचा ठरला. तो बसवून तंत्रज्ञ गेल्यावर मुलीने खेळ लावला आणि मी घड्याळ घेऊन शेजारी बसलो. आठ, बारा, वीस. चाळिसाव्या मिनिटाला ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "बाबा, आता उठा. माका काम करूंक देवा."