कानामागच्या साडेचार कळ्या

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली ‘टचअप’ म्हणते. फोटो स्टुडिओच्या पाटीवर चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, माणूस आहेच तसा. मी आमटी वाढली तरी आधी वाकून बघणार आणि म्हणणार, “जरा कॉन्ट्रास्ट कमी वाटतोय.” मी म्हणते, मग वाढवा ना, मीठ त्या तिथे आहे.

तर ह्यांच्याकडे एक गजरा होता. एकच. बारा वर्षांपूर्वी माझ्याच केसांतला काढून ह्यांनी तो स्कॅनरच्या काचेवर आडवा ठेवला आणि वरून झाकण दाबलं. कळ्यांचा चेंदामेंदा झाला, काच दोन दिवस चिकट होती, आणि मला वर ऐकवलं की बघ, तुझा गजरा अमर केला. तेव्हापासून ज्या बाईच्या फोटोत फुलं हवी असतील तिच्या डोक्यावर हाच गजरा चढतो. त्यातल्या तिसऱ्या कळीवर एक तपकिरी डाग आहे. तो डाग मी चार घरांच्या भिंतींवर ओळखलाय. बोलले मात्र कुठेच नाही. शेवटी नवरा आहे.

कोपऱ्यावरचे शिंपीकाका त्यांच्या बायकोचा फोटो घेऊन आले, तेव्हाही हेच व्हायचं होतं. काकूंना जाऊन सात महिने झाले होते. फोटो समोरून काढलेला, कुठल्याशा ओळखपत्रासाठी. केस चापून मागे बांधलेले, चेहरा असा की फोटोग्राफरने उधारी मागितली असावी.

“मोठा करून मशीनच्या वर लावला होता,” काका म्हणाले. “चार दिवसांत उतरवला. ओळखीचीच वाटेना हो. कुणीतरी परकी बाई माझ्या कामावर नजर ठेवून बसल्यासारखं वाटायला लागलं. तिच्या केसांत गजरा असायचा. तेवढा घाला, म्हणजे बहुतेक ती दिसेल.”

“उद्या संध्याकाळी या,” हे म्हणाले. उद्या संध्याकाळ कशाला, ह्यांचं काम दहा मिनिटांत उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका आले. गळ्यात टेप, कानावर खडू. ह्यांनी मोठ्या थाटात फोटो समोर धरला. काकूंच्या कपाळापासून वर, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, पांढऱ्या कळ्यांची शिस्तीत कमान उभी होती. काकांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

“ही राणी कुठली?” त्यांनी विचारलं.

मला हसू आवरेना. मी काउंटरखाली काहीतरी पडल्याचं नाटक केलं.

“अहो, गजरा पूर्ण दिसायला नको का?” हे जरा दुखावले.

“समोरून पूर्ण कशाला दिसेल? अंबाडा मागे असतो. आणि ही तुम्ही पट्टी चिकटवलीय.” काकांनी टेप काढून स्वतःच्या कॉलरवर धरला. “सरळ पट्टी गोलावर बसत नाही. आतल्या कडेला कापड गोळा होतं, बाहेरच्या कडेला ताणलं जातं. गजऱ्याचंही तेच. अंबाड्याकडच्या कळ्या एकमेकींना खेटतात, बाहेरच्या फाकतात. तुमच्या सगळ्या एका मापाच्या, एका रांगेत. शाळेची प्रार्थना चाललीय का?”

“तुम्हाला बरं एवढं माहीत!” हे फणकारले.

“मीच घालायचो,” काका म्हणाले. “आठ वर्षं. तिचा खांदा आखडला होता, हात वर जायचा नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटं मी तिच्या मागे उभा.” मग टेप गुंडाळत म्हणाले, “खरं सांगू? समोरून मी तिला फार पाहिलंच नाही. मशीनवर मान खाली घालून आयुष्य गेलं. पाहिलं ते मागूनच. आता मागून कसा फोटो मिळणार?”

ह्यांनी तो कमानीचा फोटो काउंटरवर पालथा घातला.

मग ह्यांनी मला हाक मारली. “अगं, स्टुलावर बस.”

“मी? कशाला?”

“डोकं हवंय.”

“इतक्या वर्षांनी कळलं का घरात कुणाकडे आहे ते?” मी म्हटलं, पण बसले.

काकांनी जाऊन ताजा गजरा आणला, हातभर लांब. मी अंबाडा बांधला. काका बाजूला उभे राहून सांगत होते आणि हे माझ्या डोक्याशी झटत होते. आई गं! पहिला आकडा थेट टाळूत. दुसऱ्याने केसांची बट उपटली. बारा वर्षं बायकांच्या डोक्यात फुलं घालणाऱ्या माणसाला खऱ्या डोक्यात एक गजरा धड घालता येईना.

“खालून वळवा, अंबाड्याच्या मुळाशी,” काका सांगत होते. “डावीकडे जरा वर. तुमची डावी नाही, तिची डावी... म्हणजे वहिनींची. मागून दोघांची एकच, पण फोटोत उलटी होईल, ध्यानात ठेवा. आता वरून दोन बटा सैल सोडा. गजरा केसांवर ठेवायचा नसतो, केसांत बसवायचा असतो. आणि शेवटी मागे दोऱ्याची गाठ मारा, दोन वेढे देऊन; मी रोज ती ओढून बघायचो.”

काकूंच्या फोटोत उजेड जिकडून होता, तिकडेच ह्यांनी दिवा लावला. मला तशीच सरळ मान करायला लावली आणि समोरून फोटो काढला. पडद्यावर पाहिलं तर एवढ्या खटाटोपाचं समोरून काय दिसावं? डाव्या कानामागे चार कळ्या आणि पाचवीची अर्धी. वळणावर एकेक कळी अरुंद होत गेलेली, नंतर डोक्याआड गडप.

“एवढंच?” हे म्हणाले.

“एवढाच दिसायचा,” काका म्हणाले.

त्या साडेचार कळ्यांसाठी आमचे हे दोन दिवस संगणकासमोर ठाण मांडून बसले. कळ्या काकूंच्या केसांवर आणल्या, त्यांच्या डोक्याच्या गोलाईला लागतील अशा वळवल्या. उजेडाकडच्या तेवढ्या पांढऱ्या ठेवल्या, आडोशाच्या करड्या केल्या. खाली केसांवर पुसटशी सावली टाकली. जुना फोटो जरा मऊ होता, म्हणून कळ्यांची धारही मोडली. आणि मग सगळ्यात बारीक ब्रश घेऊन एकेक केस काढत बसले, मुळापासून टोकाकडे, काकूंचे केस ज्या दिशेने जात होते त्याच दिशेने, काही कळ्यांच्या वरून, काही दोन कळ्यांच्या मधून. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, “थांब, अजून सात केस राहिलेत.” हा माणूस स्वतःच्या डोक्यावरचे कधी मोजत नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि सांगते, राग आला की मला कौतुक वाटतंय.

काका आले. ह्यांनी या वेळी थाट केला नाही, फोटो नुसता काउंटरवर ठेवला आणि उगाच कॅमेऱ्याची काच पुसत बसले.

काकांनी फोटो उचलला. चेहरा तोच, तसाच रागावलेला. पण कानामागून त्या कळ्या डोकावत होत्या आणि आता ती बाई घरातून आवरून निघाल्यासारखी दिसत होती.

“ही ती,” काका म्हणाले. “हीच.”

बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी काय करावं? फोटो उलटा केला. मागे नुसता कोरा कागद. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला, आणि आपण काय केलं ते कळल्यावर कानकोंडे होऊन हसले.

“सवय हो,” ते म्हणाले. “मागची गाठ बघायला गेलो.”

आमचे हे तोंड उघडणार असं दिसलं. मी जीव मुठीत धरला, आता हा माणूस काहीतरी फाजील बोलणार.

“मारलीय काका,” हे म्हणाले. “दोन वेढे देऊन.”

“घट्ट ना?”

“घट्ट.”

काकांनी मान डोलावली आणि फोटो कागदात गुंडाळायला माझ्याकडे दिला.