गोदामातल्या माणसाचं भाषण

मी स्वभावानेच संशयी आहे. मेथीची जुडी घेतानासुद्धा उलटी करून मुळाकडची माती झटकून बघतो, आणि बायको बाजारात माझ्यापासून चार पावलं लांब उभी राहते. पण माझा धंदाच तसा आहे. भिवंडीजवळ दापोड्याच्या एका गोदामात औषधी मुळ्या, साली, पानं येतात. पोत्यात हात घालायचा, तळातला माल वर काढायचा, मूळ मोडून बघायचं आणि घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, हे माझं काम. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि खाली कचरा, हे मी इतक्या वेळा बघितलंय की माणसांकडेही मी तसाच बघतो.

म्हणून अकलोलीच्या पलीकडल्या एका गावातून शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या चेअरमनांचा फोन आला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला की ह्यांना माझ्याकडून नक्की काय पाहिजे? औषधी शेतीवर चार शब्द बोला, म्हणाले. मी म्हटलं, मी शेतकी अधिकारी नाही. तर म्हणाले, "तुमी घेनारे. घेनाऱ्यानं सांगितलं की लोकांना पटतं."

खरी गोष्ट गावात पोचल्यावर कळली. एक एजंट येऊन गेला होता. कोरफडीची रोपं तो विकणार, लावणार गावकरी, आणि पानं परत तोच घेणार, असा करार. त्याला डोंगराच्या उताराचा एक सलग पट्टा हवा होता. बहुतेकांनी मान डोलावली होती, पण पट्ट्याच्या बरोब्बर मधला तुकडा पाड्यावरच्या एका बाईचा होता आणि ती सही करत नव्हती. मला बोलावलं होतं ते तिच्यासाठी. मी कोरफडीचे गोडवे गायचे, तिने सही करायची. हे समजल्यावर माझं डोकं फिरलं, पण मुळ्यांची पिशवी घेऊन एवढ्या लांब आलो होतो. म्हटलं, बोलायचं ते बोलतोच.

सभा सोसायटीच्या खताच्या खोलीत होती. पुरुष युरियाच्या गोण्यांवर बसलेले, बाया दाराशी. ती बाई उंबऱ्याला टेकून उभी होती. पन्नाशीची असेल. तिच्या उतारावर काय आहे, असं मी मुद्दाम विचारलं.

"गवत," ती म्हणाली. "दिवाळीनंतर कापतो, बांधतो, तबेल्यांचा टेम्पो येतो नि घेऊन जातो."

"आणि कोरफड लावायची तर गवत खणून काढावं लागेल."

"एकदा माळ खनला की गवत गेला. मंग किती सालांनी येल, कोन सांगनार?"

तिचं जे काही पणाला लागलं होतं ते एवढंच, पण तिचं घर वर्षभर चालायचं ते तेवढ्यावरच.

मी बोलायला उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात चूक केली. "मी दापोड्याहून आलोय," असं म्हणालो. गोण्यांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. आमच्या भागात दापोडे म्हणजे गोदाम, आणि गोदाम म्हणजे जमीन गेली. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी आपला अश्वगंधेवर सुरू झालो.

पिशवीतून मुळ्या काढून फिरवल्या. एक जाड, गुळगुळीत, मोडली की कट्ट वाजणारी आणि आतून पांढरी. दुसरी बारीक, लाकडासारखी. पहिलीला भाव, दुसरीला नावं ठेवायची पाळी. मी सांगितलं की हे पीक कोरड्या हवेचं, निचऱ्याच्या हलक्या जमिनीचं. आमच्या गोदामात येतं ते जास्त करून मध्य प्रदेशातून. तुमच्याकडचा पाऊस त्याला सोसणार नाही, मूळ कुजेल. पाऊस सरल्यावर उंच जागेवर पेरायचं तर पाच-सहा महिने थांबायचं, मध्ये थोडं पाणी द्यायचं, मग मुळं खणायची, धुवायची, वाळवायची, निवडायची. करून बघायचं तर परसाएवढ्या जागेत बघा.

एका म्हाताऱ्याने मूळ नाकाला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "घोड्याचा वास येतो." सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी आम्ही सगळे एकत्र हसलो ते तेवढंच.

मग गवती चहा. तो इथे येईल, उतारावर येईल, पावसालाही भिणार नाही. पण दारातला चहाचा वेगळा आणि तेलासाठी लावतात ती जात वेगळी. शिवाय तेल काढायला भट्टी लागते, आणि शंभर किलो ओल्या गवतातून अर्धा किलो तेल निघतं, फार तर जरा जास्त. तुमच्या एका गावाच्या गवतावर भट्टी चालणार नाही, आजूबाजूची चार गावं एकत्र आली तर विचार करा. तोवर जुड्या बांधून भिवंडीच्या बाजारात विका, चहापुरते पैसे सुटतील.

"आनि कोरफड?" चेअरमन म्हणाले. त्यांचा आवाज आधीच उतरला होता.

"कोरफड येईल. कोरफड दगडावरही येते, येण्याचा प्रश्नच नाही. पण ते पान म्हणजे नुसतं पाणी. कापलं की लगेच कारखान्यात जायला हवं, एक-दोन दिवस राहिलं की बिघडलं. कारखाना जवळ नसेल तर तुमच्याकडे हिरव्या पानांचा डोंगर राहील आणि घेणारा कोणी नसेल. कारखाना कुठे आहे ते आधी बघा, रोपं मग घ्या."

कोणाला ते पटलेलं दिसलं नाही. मागच्या गोणीवरचा एक जण उठला, अंगावर चांगला शर्ट, हातात गाडीची किल्ली.

"मंग करू काय आमी? जमीन इकू?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"तोंडानं न्हाय म्हटलं. पन शेतीत काय न्हाय असा सांगनारा मानूस आमच्याकडं दर वर्षी येतो. त्याच्या मागनं गाडीतनं दुसरा उतरतो, जमिनीच्या सौद्याचा टोकन घेऊन."

माझी कानशिलं तापली. सकाळची रजा टाकून, फुकट, खरं सांगायला आलो आणि मला दलाल ठरवतात! मी म्हटलं, लावा फोन तुमच्या एजंटला, सगळ्यांसमोर विचारतो. चेअरमननी तो लावला, स्पीकरवर.

मी विचारलं, "माल कुठे मोजणार? शेतावर की कारखान्यात?"

"आपके बांध पर, साहेब, एकदम तुमच्या बांधावरच," तिकडून गोड आवाज आला. "टेम्पो आमचा, काटा आमचा."

"कारखाना कुठे आहे? मी उद्या येऊन बघतो."

"ते कंपनी पॉलिसीत बसत नाही ना साहेब. पण टेन्शन नको, सगळं लिहून देतो. स्टॅम्प पेपरवर."

मला वाटलं, आता तरी ह्यांच्या लक्षात येईल. पण खोलीत माना डोलल्या. लिहून देतो म्हणाला ना! चेअरमन माझ्याकडे वळले. "तुमी देता का लिहून? का आमी जे लावू ते घेऊ?"

"नाही. माल बघितल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही लिहून देणार नाही."

"झालं तर मंग," किल्लीवाला म्हणाला.

तेव्हा उंबऱ्याशी असलेली ती बाई बोलली. माझं भाषण सुरू झाल्यापासून तिने ना मूळ हातात घेतलं होतं ना तोंड उघडलं होतं.

"दादा, तुमचा गोदाम हाय ती जागा कुनाची?"

खोटं बोलता आलं असतं. मालकाची, म्हटलं असतं तरी चाललं असतं. "आमचीच होती," मी म्हणालो. "वडिलांची भातशेती."

"बघा!" किल्लीवाला ओरडला. सगळी खोली एकदम बोलू लागली. चेअरमननी कपाळावर हात मारला. मी तिथे गोदामवाला म्हणूनच उभा होतो.

बाईने गलका थांबायची वाट बघितली. "तुमच्या बापाकडं कोन आलेला? शेतीत काय न्हाय सांगनारा, का लिहून देनारा?"

मला तो माणूस आठवला. पांढरी पँट, हातात पेढ्यांचा पुडा. ओटीवर बसून त्याने वडिलांना कागद वाचून दाखवला होता. दर महिन्याला भाडं आणि घरातल्या एका मुलाला नोकरी. भाडं पुढे बंद झालं आणि जमीनही कागदोपत्री गेली. नोकरी मात्र मिळाली, ती हीच.

"लिहून देणारा," मी म्हणालो.

ती चेअरमनांकडे वळली. "माझा गवत मी खननार न्हाय." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यांच्यावर इस्वास हाय म्हनून न्हाय. ह्यांच्यावर पन न्हाय."

मधला तुकडा गेल्यावर सलग पट्टा राहिला नाही. बाकीच्यांचं बघू, पुढच्या बैठकीत बघू, असं म्हणत सभा उठली. मला चहा कोणी विचारला नाही. मुळ्या पिशवीत भरल्या आणि रिक्षा धरली.

थोड्या वेळाने लक्षात आलं की एक मोटरसायकल मागे आहे. नवरा चालवत होता आणि मागे तीच बाई, पदर दातात धरून. रिक्षावाला हसला. "तुमच्यावर नजर हाय, काका. कोनाच्या गाडीत बसता ते बघायचं असंल."

मला भयंकर राग आला. फाट्यावर उतरलो, तेही थांबले, रस्त्याच्या पलीकडे. मी एस.टी.ची वाट बघत उभा आणि ती दोघं मला बघत उभी. एक पांढरी मोठी गाडी फाट्याशी हळू झाली तेव्हा बाई मोटरसायकलवरून खाली उतरली. गाडी निघून गेली. ती परत बसली. एस.टी. आली, मी चढलो, खिडकीतून बघितलं तेव्हाच त्यांनी मोटरसायकल वळवली.

दुसऱ्या दिवशी गोदामात अश्वगंधेची नवी पोती लागली होती. मी फरशीवर बसून मुळं मोडत होतो. त्या फरशीच्या खाली आमचं भाताचं खाचर आहे, नेमकं कुठलं ते अजून मला सांगता येतं. आणि एकाएकी मला त्या दोघांचा राग येईनासा झाला. पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला माणूस आमच्या ओटीवरून उठला, तेव्हा माझी आई त्याला दारापर्यंत पोचवायला गेली होती. त्याच्या मागे जायला आमच्या घरातून कोणीच निघालं नाही.